वाचन परत सुरू करायच्या नोंदी : जानेवारी ते मार्च

४ जानेवारी, रविवार

३१ डिसेंबरला रात्री सव्वाअकराला शेवटच्या पार्टीचं जीएसटीचं वार्षिक रिटर्न गेलं आणि मी ऑफिसातच पाच मिनिटं डोळे मिटून बसले. जुलैत इन्कम टॅक्सची रिटर्नं सुरू झाली, त्यानंतर ऑडिट, मग हे, आणि मधे दर महिन्याची जीएसटीची ११ आणि २० तारीख असतेच. या सहा महिन्यांत मी एकही पुस्तक पूर्ण केलेलं नाही. एरवी महिन्याला तीन-चार तरी व्हायचीच.

उशाशी 'पानिपत' आहे, पान ७२ ला खूण, ती ऑगस्टपासून तिथंच आहे. आज दुपारी जेवून निवांत उघडलं, चार पानं वाचली आणि लक्षात आलं की हा सरदार कुठला आणि मागच्या प्रकरणात तो कुणाच्या बाजूनं बोलत होता हेच आठवत नाहीये, म्हणून मागे गेले, तिथं आणखी दोन नावं, मग आणखी मागे. अर्ध्या तासात पुढे सरकले तीन पानं. पुस्तक अतिशय ताकदीचं आहे, कॉलेजात असताना मैत्रिणीनं आणलेलं तेव्हा शंभरेक पानं एका बैठकीत वाचली होती मी, त्यामुळे दोष त्याचा नाही हे नक्की.

ठरवलं की जानेवारी ते मार्च नोंदी ठेवायच्या. काय उचललं, का उचललं, कुठे अडकलं. मार्चएंड आला की परत तेच होणार, त्याआधी कळायला पाहिजे.

६ जानेवारी

ऑफिसात जाताना विचार करत होते की नेमकं थकलंय काय. डोळे? नाही, मोबाईलवर तासभर जातोच की. वेळ? रात्री साडेनऊनंतर वेळ आहे. दिवसभर मी काय करते तर पार्टीचं खरेदीचं रजिस्टर एका बाजूला, पोर्टलवरचे आकडे दुसऱ्या बाजूला, आणि कुठलं बिल कुठल्या महिन्यात गेलं, कुणाचा क्रेडिट अडकलाय, कुणाला फोन करायचाय हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवते. म्हणजे थकलाय तो हा धरून ठेवायचा भाग. आणि मोठी ऐतिहासिक कादंबरी नेमकं तेच मागते! चाळीस माणसं, त्यांची नाती, कुणी कुणाला काय शब्द दिला, हे सगळं धरून ठेवा आणि पुढे चला.

म्हणून माझ्यापुरतं सोपं पुस्तक म्हणजे जे मला काही धरून ठेवायला लावत नाही ते. हलकंफुलकं असणं ही वेगळी गोष्ट झाली. मामेबहीण नर्स आहे, तिला हा धरून ठेवायचा त्रास नसतो, ती पाचशे पानांची घराण्याची गोष्ट आरामात वाचते पण आजारपण आणि मरण आलं की पुस्तक मिटते, कारण तिचं तेच दिवसभर चालू असतं. दोघींसाठी सोपं पुस्तक एकच कसं असेल?

९ जानेवारी

वाचनालयात गेले, सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. काका म्हणाले, "काय हो ताई, दिसला नाहीत दिवाळीपासून, दिवाळी अंक पण नेले नाहीत." त्यांना सांगितलं की वाचणं बंद पडलंय, काहीतरी सोपं द्या. त्यांनी लगेच 'बटाट्याची चाळ' काढून हातात ठेवलं. विनोदी म्हणजे सोपं, असंच सगळ्यांना वाटतं, मलाही वाटत होतं.

रात्री उघडलं. पुलंचं पुस्तक अडकतंय हे लिहायला जड जातंय पण नोंद खरी पाहिजे. चाळीत साठ बिऱ्हाडं, त्यामुळे पहिल्या काही पानांतच त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे, राघूनाना असे लोक भराभर येतात, आणि त्यातला विनोद बराचसा त्या काळातल्या बोलण्याची, सभांची, पत्रांची नक्कल करण्यात आहे, म्हणजे मूळ काय होतं ते डोळ्यासमोर असेल तर हसू येतं. १९५८ चं पुस्तक आहे. जागं डोकं असेल तर हे पुस्तक म्हणजे मेजवानी, पण माझं आत्ता नाहीये. मला कळत होतं की इथे हसायचंय, पण हसू येईपर्यंत मी पुढच्या वाक्यावर पोचलेली असायचे.

एक गोष्ट सुरू केली. खूण म्हणून पुस्तकात जो कागद ठेवते त्यावर पेन्सिलीनं टिंब काढायचं, प्रत्येक वेळी मागच्या परिच्छेदावर परत जावं लागलं की एक टिंब. आज दहा पानांत नऊ टिंबं.

११ जानेवारी, रविवार

११ तारीख असूनही रविवार, काम काल रात्रीच आटपलं. आज काकांनी नवीन काढून द्यायच्या आत मी स्वतः कपाटापाशी उभी राहिले आणि उभ्याउभ्या एक चाचणी केली, ती लिहून ठेवते कारण पुढेही लागेल.

पहिलं पान वाचायचं नाही. पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलं कुठलंही उघडायचं, म्हणजे दीडशे पानी असेल तर सत्तराव्या पानाच्या आसपास, आणि दोन पानं वाचायची. त्या दोन पानांत माणसांची नावं किती येतात ते बघायचं, तीनच्या वर गेली तर आत्ता नको. दुसरं, अनुक्रमणिकेवरून एका तुकड्याची लांबी बघायची. सकाळी घड्याळ लावून बघितलं होतं, दमलेली असताना मला एका पानाला जवळपास दोन मिनिटं लागतात, पूर्वी एक-सव्वा लागायचं. रात्री झोप यायच्या आत माझ्याकडे पंचवीस-तीस मिनिटं असतात, म्हणजे बारा-पंधरा पानांत काहीतरी पुरं संपलं पाहिजे. प्रकरण संपून उपयोग नाही, गोष्टच संपली पाहिजे, कारण प्रकरण संपलं तरी उद्यापर्यंत ते धरून ठेवावं लागतंच. आणि तिसरं म्हणजे टाईप. एका जुन्या आवृत्तीचा टाईप इतका बारीक आणि ओळी इतक्या चिकटलेल्या होत्या की मजकूर सोपा असून मी ओळ चुकत होते. तेच पुस्तक नव्या आवृत्तीत बघितलं तर काहीच अडचण नाही. हे मी आजवर कधी मोजलंच नव्हतं.

या तिन्हीत बसलं ते 'व्यक्ती आणि वल्ली'. पुलंच, पण एका लेखात एकच माणूस. गंमत बघा ना, लेखक तोच, विनोद तोच, पण इथे मला फक्त एका माणसाच्या मागे मागे जायचंय.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाच्या वड्या, हळदीकुंकू, पाहुणे, रात्री दहाला पुस्तक. 'नारायण' वाचलं. हे मी किती वेळा वाचलंय, शिवाय कॅसेटवर ऐकलंय, त्यामुळे वाचताना पुलंचा आवाज कानात चालू होता आणि लग्नघरातला तो नारायण, शालू खरेदीपासून वरातीपर्यंत सगळं खांद्यावर घेतलेला, पुढे काय करणार ते मला आधीच माहीत होतं. टिंबं शून्य. एकही नाही!

आधी वाचलेलं परत वाचणं म्हणजे वाचन नाही असं मला इतके दिवस वाटायचं, म्हणून मी ते टाळत होते. आज कळलं की त्याचा उपयोग वेगळा आहे. पुढचं माहीत असल्यामुळे धरून ठेवायला काहीच लागत नाही आणि मन वाक्यावर राहतं. शेवटी सगळे जेवून झोपलेत आणि नारायण कुठेतरी कोपऱ्यात आडवा झालाय तिथे आज मला गलबलून आलं, पूर्वी तिथे मी हसून पान उलटायची. सहा महिन्यांत पहिल्यांदा पुस्तकातल्या कशानं तरी मला हलवलं.

२० जानेवारी

जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नची तारीख. १७ पासून आज रात्रीपर्यंत एक अक्षर नाही वाचलेलं. हे असंच होणार, दर महिन्याला होणार, म्हणून कॅलेंडरवर १८ ते २० वर रेघ मारून टाकली, हे दिवस मोजायचेच नाहीत. आधी मी काय करायची तर या तीन दिवसांत राहिलेलं २१ ला भरून काढायला जायची, चाळीस पानं वाचायची ठरवायची, आठ व्हायची, आणि परत सगळं बंद.

२५ जानेवारी, रविवार

'हरितात्या' आणि 'सखाराम गटणे' झाले. आता नवीन काहीतरी, म्हणजे न वाचलेलं. आईला मिरजेला फोन केला. ती म्हणाली, "अगं माडगूळकर वाच की, ते तुला दमवणार नाहीत." आई शाळेत मराठी शिकवायची, तिचं म्हणणं असं की त्यांचं वाक्य छोटं असतं, एका वाक्यात एकच गोष्ट घडते, आणि बोलणं जसं बोलतात तसंच येतं. 'माणदेशी माणसं' शाळेत धडा म्हणून एखादं वाचलं होतं तेवढंच.

चाचणी केली. दोन पानांत नावं दोन. तुकडे छोटे, बरेचसे माझ्या अर्ध्या तासात बसणारे. आणलं.

२८ जानेवारी

'धर्मा रामोशी' वाचलं. म्हातारा, गरिबी, त्याची मुलगी, आणि गावात आलेला लेखक. मधे एक धोतर देण्याचा प्रसंग आहे, आणि शेवटी त्या धोतराचं काय झालं ते ज्या साधेपणानं कळतं त्यानंतर मी पुस्तक छातीवर ठेवून बराच वेळ छताकडे बघत होते. शेवट इथे सांगत नाही, ज्यानं वाचलं नसेल त्यानं तिथपर्यंत स्वतः जावं.

म्हणजे सोपं पुस्तक हलकं असायलाच पाहिजे असं नाही. दुःखाची गोष्ट आहे पण तिनं मला दमवलं नाही, उलट झोप छान लागली. लेखक मला काही समजावत बसत नाही, जे दिसलं ते दाखवतो आणि थांबतो. टिंबं दोन, दोन्ही माणदेशी बोलीतल्या शब्दांसाठी, अडकल्याची नव्हे तर तो शब्द परत ऐकावासा वाटला म्हणून. पुढच्या वेळी अशा मागे जाण्याला वेगळी खूण करते, गोल.

एक मात्र पाळलं पाहिजे असं वाटतंय, रोज एकच. संपल्यावर लगेच दुसरं सुरू केलं की पहिलं पुसून जातं.

१ फेब्रुवारी, रविवार

काल तिमाहीची टीडीएस रिटर्नं संपली. डोकं बधिर, म्हणून ऑफिसमधल्या मित्रानं एक रहस्यकादंबरी दिली, म्हणाला, "हे घे, पानं आपोआप उलटतात." खरंच उलटतात. रात्री साडेनऊला सुरू केली आणि पावणेदोनला संपवली, तीनशे पानं, टिंबं नाहीत कारण मागे बघायला फुरसतच नव्हती. नोंदीत पानं मोजली तर महिन्यातला सगळ्यात मोठा दिवस.

३ फेब्रुवारी

पण त्याचं पुढचं लिहिलं पाहिजे. काल दिवसभर डोळे चुरचुरत होते, रात्री 'माणदेशी माणसं' उघडलं तर ते संथ वाटलं, काही घडतच नाहीये असं वाटलं, दोन पानांत मिटलं. आजही तसंच. म्हणजे एका रात्रीत तीनशे पानं आणि नंतर दोन रात्री काहीच नाही. शिवाय काल सकाळी आंघोळ करताना आठवायला गेले तर त्या कादंबरीतला खुनी आठवला पण त्याच्या बायकोचं नाव, घर, काहीच नाही. मी ते वाचलं कमी आणि त्याच्यामागे धावले जास्त. पुढे काय होतं या ओढीवर चालणारं पुस्तक मला रात्री नको, हे आता पक्कं. रविवारी दुपारी चालेल, चार तास मोकळे असतील तर. सोपं असणं आणि भरून देणारं असणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी कळते ती दुसऱ्या दिवशी, काही मनात उरलंय का त्यावरून. म्हणून आजपासून कागदावर टिंबांबरोबर एक ओळ, सकाळी काय आठवलं ती.

८ फेब्रुवारी, रविवार

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग ताई तुम्ही लंपन का नाही वाचत? आपल्याच गावचे होते की संत सर." प्रकाश नारायण संत कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, आमच्या गावात आजही त्यांचे विद्यार्थी भेटतात, आणि मी कराडची असून वाचलं नव्हतं. लंपनची पुस्तकं चार, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. 'वनवास' घेतलं.

१२ फेब्रुवारी

कथा थोड्या लांब आहेत, एकेक माझ्या अर्ध्या तासात मावत नाही, परिच्छेदही मोठे. माझ्या चाचणीत खरं तर बसत नव्हतं. पण एक वेगळीच सोय आहे जी मी धरलीच नव्हती. प्रत्येक कथा सुटी आहे, मागची आठवली नाही तरी चालतं, पण माणसं तीच, लंपन, त्याचे आजी-आजोबा, सुमी. म्हणजे पहिल्या कथेत ओळख झाली की पुढे नवीन कुणाला लक्षात ठेवायचंच नाही, नवीन असतो तो फक्त प्रसंग. कादंबरीचा आपलेपणा आणि कथेची सुटका, दोन्ही एका ठिकाणी.

आणि आवाज एकाच मुलाचा. तो 'मॅड' म्हणतो, आकडे वाट्टेल तसे फुगवून सांगतो, रस्ता, पाऊस, शाळा सगळं त्याच्या उंचीवरून दिसतं. आई-वडिलांपासून लांब ठेवलेला मुलगा आहे हा, ते दुःख सगळीकडे झिरपलंय पण तो ते तसं बोलत नाही. रात्री मधेच थांबावं लागलं, ज्या ओळीवर थांबले तिथे पेन्सिलीनं मार्जिनमध्ये बारीकशी रेघ ओढली, वाचनालयाचं पुस्तक म्हणून सकाळी खोडली. पान नाही, ओळ लक्षात ठेवायची. दुसऱ्या दिवशी पानाच्या वरून सुरुवात केली की अर्धं पान परत वाचावं लागतं आणि तिथेच कंटाळा शिरतो, ओळीवरून सुरू केलं तर लगेच आत जाता येतं.

सकाळची ओळ : आजीच्या घरातला तो अंधार आणि दिवे लागतानाचं सगळं. चहा करताना आठवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

१८ ते २० रेघ मारलेले दिवस होते, त्यात काही वाचलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. काल 'वनवास' संपलं. आता कादंबरी झेपेल का बघायचंय पण 'पानिपत' नाही, तिथे जायला अजून वेळ आहे.

'बनगरवाडी' घेतली. १९५५ ची, सव्वाशे-दीडशे पानांची. सांगणारा एकच, धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर. माडगूळकरांचं वाक्य 'माणदेशी माणसं'मुळे कानाला सवयीचं झालेलं होतं, म्हणून मुद्दाम त्याच लेखकाची निवडली. नवीन लेखक म्हणजे पहिली वीस पानं त्याच्या चालीशी जुळवून घेण्यात जातात, तेवढी बचत झाली.

२५ फेब्रुवारी

नावं जास्त आहेत हो. कारभारी, आयबू, अंजी, आनंदा रामोशी, काकुबा, दादू बालट्या. पण टिंबं फक्त तीन, तीस पानांत. का ते शोधलं. माडगूळकर माणूस एकेकटा आणतात, तो काहीतरी करत असताना आणतात, आणि त्याला एवढी जागा देतात की नाव विसरलं तरी तो माणूस विसरत नाही. सगळ्यांची ओळख एका सभेत करून दिलेली नाहीये. तेव्हा माझा तीन नावांचा नियम थोडा बदलायला हवा. दोन पानांत नावं किती यापेक्षा ती सगळी एकदम येतात का एकामागून एक, हे बघायचं.

वाडीत तालमीची इमारत बांधायचं मास्तर मनावर घेतो तो भाग चालू आहे. ऑफिसात जेवताना डबा उघडा ठेवून चार पानं वाचली. दुपारी वाचणं हे जूननंतर पहिल्यांदा.

१ मार्च, रविवार

'बनगरवाडी' संपली. दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होत जाते, ती पानं मी मुद्दाम हळू वाचली. एकूण आठ रात्री आणि दोन दुपारी. टिंबं सतरा, गोल अकरा.

नवरा म्हणाला, "मग आता 'पानिपत' काढ." नाही काढणार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बघू, आणि तेव्हा पान ७२ वरून नाही तर पहिल्या पानापासून, आणि शेजारी एका कागदावर सरदारांची नावं लिहीत, म्हणजे डोक्याऐवजी कागद धरून ठेवेल. आज ती खूण काढली, पुस्तक उशावरून उचलून कपाटात ठेवलं. ते तिथं दिसत राहिलं की रोज रात्री दुसरं काही उचलतानाही हात अडखळायचा, हे काढल्यावरच कळलं.

८ मार्च, रविवार

१५ ला ॲडव्हान्स टॅक्स, २० आहेच, मग ३१. आता रेघ १२ पासून ३१ पर्यंत ओढावी लागेल असं दिसतंय, आणि मागच्या वर्षी इथेच सगळं सुटलं होतं. म्हणून या वेळी पूर्ण बंद न करता त्या दिवसांसाठी वेगळं पुस्तक ठेवायचं, जे कुठूनही उघडता येईल, दोन पानं वाचून मिटता येईल, आणि आठ दिवसांनी परत उघडलं तरी काही हरवणार नाही.

आईनं 'स्मृतिचित्रे' सुचवलं. १९३४ पासूनचं, म्हणजे इतकं जुनं कसं सोपं असेल असं वाटलं होतं, पण चाचणीत छान बसलं. लक्ष्मीबाई टिळक समोर बसून सांगतायत असं लिहितात, प्रसंग छोटे छोटे, प्रत्येक आपापला पुरा होतो. वडिलांचं सोवळ्याचं वेड, लग्नानंतर नवऱ्याचं, म्हणजे टिळकांचं, अचानक घर सोडून जाणं, हे इतकं कठीण आयुष्य आणि सांगण्यात कुठे कडवटपणा नाही. उभ्याउभ्या सहा पानं वाचली तरी कळलं नाही. वाचनालयाचं पंधरा दिवसांत परत करावं लागलं असतं म्हणून विकत घेतलं, मोठ्या टाईपची आवृत्ती बघून.

'शारदा संगीत' पण आणून ठेवलंय, पण ते उघडणार नाही, ते १ एप्रिलसाठी. 'स्मृतिचित्रे' ऑफिसच्या पर्समध्ये, डब्याशेजारी. आत कोरा कागद आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवलाय.